पॉलिसीच्या कागदावर २०१९, पोर्टलवर २०२४: क्लेमच्या आधी आरोग्य विम्यातील तारखांचा घोळ कसा शोधावा

आरोग्य विम्याचा कॅशलेस क्लेम अडकला की घरातले लोक बहुधा पॉलिसीची पीडीएफ काढून त्यातल्या अटी वाचू लागतात. विमा प्रतिनिधी म्हणून माझ्याकडे येणाऱ्या अडकलेल्या क्लेमपैकी बऱ्याच प्रकरणांत मात्र अडचण अटींमध्ये नसून, पॉलिसीच्या कागदावर एक तारीख आणि कंपनीच्या पोर्टलवर दुसरी तारीख एवढ्या एकाच गोष्टीत असते. विशेषतः एका कंपनीतून दुसरीकडे पोर्ट केलेल्या कौटुंबिक फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून तो कसा ओळखावा, कोणता फरक खरा आणि कोणता नुसता दिसण्याचा, आणि दुरुस्ती पदरात कशी पाडून घ्यावी, हे येथे एका प्रकरणाच्या आधाराने मांडत आहे. प्रकरण माझ्या एका ग्राहक कुटुंबाचे आहे. कंपनीचे आणि रुग्णालयाचे नाव देण्याचे कारण नाही.

प्रकरण

पती, पत्नी आणि मुलगा अशी तिघांची पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी १२ जून २०१९ रोजी पहिल्या कंपनीत सुरू झाली. पाच वर्षे खंड न पडता ती चालली आणि १२ जून २०२४ रोजी दुसऱ्या कंपनीत पोर्ट झाली. त्याच वेळी विमा रक्कम दहा लाख केली. २०२५ च्या जूनमध्ये नूतनीकरणही वेळेवर झाले. ऑक्टोबरमध्ये पत्नीच्या पित्ताशयात खडे असल्याचे निदान झाले, डॉक्टरांनी नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया सुचवली आणि रुग्णालयाने सुमारे एक लाख चाळीस हजारांचा अंदाज दिला. घाई नसलेली, ठरवून करायची शस्त्रक्रिया असल्यामुळे तपासायला वेळ मिळाला, हे त्या कुटुंबाचे नशीब.

पित्ताशयातील खडे, मोतीबिंदू, हर्निया यांसारखे काही आजार बहुतेक पॉलिसींमध्ये ठरावीक प्रतीक्षा कालावधीच्या यादीत असतात, म्हणजे विमा सुरू झाल्यापासून तेवढा काळ त्यांचा क्लेम मिळत नाही, आणि या पॉलिसीत तो कालावधी २४ महिन्यांचा होता. कागदावरच्या १२ जून २०१९ या तारखेपासून मोजले तर तो २०२१ मध्येच संपलेला होता. पोर्टलवर मात्र पत्नीच्या नावापुढे `Member Since: 12/06/2024` असे दिसत होते, आणि तेथून मोजले तर प्रतीक्षा जून २०२६ पर्यंत चालणार होती. पोर्टलवरची ती एक ओळ तशीच राहिली असती तर कॅशलेसच्या अर्जावर नकार येणे जवळजवळ ठरलेले होते. पतीच्या नावापुढची तारीख २०१९ अशी बरोबर होती, त्यामुळे पहिल्या पानावर सगळे आलबेल दिसत होते. कुटुंबातल्या प्रत्येक माणसाची ओळ वेगळी वाचावी लागते ती याच कारणाने.

याच तारखेवर आणखी एक गोष्ट टांगलेली असते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती लपवली किंवा चुकीची दिली या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. २०१९ च्या तारखेने पत्नीचे ६० महिने जून २०२४ मध्ये पूर्ण झाले होते. पोर्टलवरच्या तारखेने ते मोजणे नुकतेच कुठे सुरू झाले होते.

जुळवणी कशाशी करायची, हीच पहिली चूक

बहुतेक लोक पोर्टलवर जातात, तेथूनच पॉलिसीची पीडीएफ नव्याने उतरवून घेतात, ती पोर्टलच्या पडद्याशी ताडून पाहतात आणि सगळे जुळते म्हणून निर्धास्त होतात. ते जुळणारच, कारण अनेक कंपन्यांच्या पोर्टलवरून उतरवलेली पीडीएफ त्या क्षणी संगणकात असलेल्या माहितीवरून नव्याने तयार होते. मूळ कागदाची ती साठवलेली प्रत असेलच असे नाही. संगणकातली माहिती बिघडली असेल तर नवी पीडीएफही तितक्याच इमानदारीने बिघडलेली निघते. आमच्या प्रकरणात नेमके हेच झाले. जून २०२४ मध्ये ईमेलने आलेल्या मूळ पीडीएफमध्ये तिघांच्याही नावापुढे २०१९ होते. तीच २०२४ ची पॉलिसी आम्ही पोर्टलवरून ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा उतरवली तेव्हा पत्नीच्या नावापुढे २०२४ छापून आले. पॉलिसी क्रमांक तोच, कालावधी तोच, मांडणीही तीच. फक्त एका रकान्यातली तारीख वेगळी.

म्हणून जुळवणीसाठी हवी ती पॉलिसी दिली गेली त्या दिवशी ईमेलने किंवा टपालाने आलेली मूळ प्रत. ईमेल जुनी असल्यास पॉलिसी क्रमांक किंवा कंपनीचे नाव आणि `policy schedule` असे शब्द टाकून शोधावे. ईमेल प्रतिनिधीकडे गेली असेल तर त्याच्याकडून मागवावी. मूळ प्रत खरीच मूळ आहे का, हे तिच्यावरच्या डिजिटल स्वाक्षरीवरून कळते. संगणकावर अॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडली की स्वाक्षरीच्या पॅनेलमध्ये सही केल्याची तारीख आणि त्यानंतर कागदात बदल झाला का, हे दोन्ही दिसते. आमच्या मूळ प्रतीवर जून २०२४ ची सही होती आणि नव्या प्रतीवर उतरवली त्या दिवसाची, आणि पुढे कंपनीशी बोलताना हाच आमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरला. तेथे पिवळे प्रश्नचिन्ह आणि `Validity Unknown` असे दिसले तर घाबरून जाऊ नये. त्या संगणकाने प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विश्वासार्ह म्हणून अजून नोंदवलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. मोबाइलवरच्या साध्या पीडीएफ वाचकांत तर बऱ्याचदा सही तपासलीच जात नाही. पीडीएफ पुन्हा छापून स्कॅन केली किंवा `Print to PDF` केली तर सही नाहीशी होते, त्यामुळे मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी.

पोर्ट केलेल्या पॉलिसीत याच्या जोडीला जुन्या कंपनीच्या सगळ्या वर्षांची शेड्यूल लागतात. शेड्यूल म्हणजे पॉलिसीची ती सुरुवातीची दोन-तीन पाने, ज्यांवर नावे, तारखा, रकमा आणि हप्ता असतो. त्यानंतरची तीस-चाळीस पाने अटींची असतात आणि या कामासाठी त्यांची फारशी गरज पडत नाही. आमच्याकडे २०१९ ते २०२३ अशी पाच शेड्यूल होती आणि प्रत्येकाची शेवटची तारीख पुढच्याच्या पहिल्या तारखेला टेकत होती. ही साखळी अखंड आहे हे दाखवता आले की अर्धे काम झालेले असते.

कोणता फरक खरा, कोणता नुसता दिसण्याचा

कागद आणि पोर्टल शेजारी ठेवले की फरक पाच-सहा तरी दिसतात, आणि सगळ्यांवर तक्रार केली तर खरी तक्रार त्या गर्दीत हरवते. पोर्टलवर पॉलिसी क्रमांकाच्या शेवटी नूतनीकरणाचे अंक नसणे, किंवा पोर्टलवर एकच रक्कम असून कागदावर मूळ विमा रक्कम आणि क्लेम न केल्याबद्दल वाढलेला बोनस वेगवेगळे असणे, हे बहुधा मांडणीचे फरक असतात. बेरीज करून पाहिली की मिटतात. बेरीज मात्र करावीच. पोर्ट करताना जुन्या कंपनीतला बोनस पुढे आलेला नसेल तर तो याच ठिकाणी उघडा पडतो.

तारखांच्या बाबतीत दोन सापळे आहेत. काही पोर्टलवर महिना आधी आणि दिवस नंतर लिहिला जातो, त्यामुळे १२ जून २०१९ ही तारीख `06/12/2019` अशी दिसते आणि वाचणाऱ्याला ती ६ डिसेंबर वाटते. अशा वेळी त्याच पडद्यावर दिवस १२ पेक्षा मोठा असलेली एखादी तारीख शोधावी, उदाहरणार्थ कोणाची जन्मतारीख. `03/27/1977` असे दिसले तर महिना आधी लिहिण्याची पद्धत आहे हे स्पष्ट होते. दुसरा सापळा शब्दांचा आहे. `Policy Start Date` म्हणजे चालू वर्षाची सुरुवात, `Inception Date` म्हणजे कधी या कंपनीतली पहिली पॉलिसी तर कधी कोणत्याही कंपनीतली पहिली पॉलिसी, आणि `Member Since` किंवा `Insured Since` म्हणजे त्या व्यक्तीची सलग विम्याची सुरुवात, असे साधारण अर्थ असतात. पण प्रत्येक कंपनी हे शब्द आपापल्या सवयीने वापरते. पोर्टलवर `Inception Date` २०२४ दिसते म्हणून लगेच चूक ठरवू नये. एकाच पडद्यावर पतीच्या नावापुढे २०१९ आणि पत्नीच्या नावापुढे २०२४ असे दिसले, आणि दोघेही पहिल्या दिवसापासून पॉलिसीत होते, तर मात्र तो मांडणीचा फरक असूच शकत नाही.

नावांच्या फरकाकडे लोक सहसा दुर्लक्ष करतात, आणि आपल्याकडे तो फार आढळतो. लग्नाआधीचे आडनाव, मधल्या नावाच्या जागी वडिलांचे की पतीचे, इंग्रजीत `Sunita` की `Suneeta`, अशा गोष्टींवरून रुग्णालयाच्या डेस्कला आधार कार्ड आणि विम्याची नोंद जुळवता येत नाही आणि एक शंका-पत्र निघते. ही दुरुस्ती सोपी असते, पण वेळ खाते. शक्य असेल तर तारखेच्या दुरुस्तीबरोबर एकाच अर्जात करून घ्यावी.

एक नोंद मात्र अशी आहे जिच्यातली चूक पाहून ग्राहक खूश होतात. विमा घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये मधुमेह किंवा रक्तदाब लिहिलेला असतो, आणि पोर्टलवर आधीच्या आजारांच्या रकान्यात `NIL` असते. बरेच झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. पुढे त्या आजाराशी संबंधित क्लेम आला की हाच रकाना समोर ठेवून, तुम्ही आजार सांगितलाच नव्हता, असे म्हटले जाते आणि तेव्हा प्रपोजल फॉर्मची प्रत शोधत फिरावे लागते. आमच्या प्रकरणात पतीचा मधुमेह पोर्टलवर होता आणि कागदावरही होता, म्हणून तो भाग लवकर आटोपला. तुमच्याकडे फॉर्मची प्रत नसेल तर कंपनीकडून मागवून घ्या आणि पोर्टलवरचा `NIL` स्वतःहून दुरुस्त करून घ्या.

हा घोळ होतो कसा

पॉलिसी छापणारी यंत्रणा, ग्राहकाला दिसणारे पोर्टल आणि कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीए या त्रयस्थ संस्थेकडची यादी या अनेक कंपन्यांमध्ये तीन वेगळ्या जागा असतात, आणि माहिती एकीकडून दुसरीकडे ठरावीक काळाने फाइलच्या रूपाने जाते. पोर्ट करताना मुख्य विमाधारकाची जुनी तारीख भरली जाते, पण बाकीच्या सदस्यांच्या ओळी नवीन सदस्य म्हणून चढल्या तर त्यांच्यापुढे पोर्टची तारीख बसते. कधी हे पहिल्याच दिवशी होते, कधी पहिल्या नूतनीकरणाला, तर कधी कंपनीने जुनी संगणक प्रणाली बदलून नवी आणली तेव्हा. आमच्या कंपनीने प्रणाली बदलल्याचे तिच्याच माणसाने फोनवर सांगितले. लेखी देण्याची त्याची तयारी नव्हती, आणि खरे तर आम्हाला कारणापेक्षा दुरुस्ती हवी होती.

कागद खरा की पोर्टल, हा प्रश्न यानंतर प्रत्येक जण विचारतो. करार म्हणजे प्रपोजल फॉर्म, शेड्यूल, अटी आणि त्यांवरची एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कंपनीने दिलेला लेखी कागद. पोर्टलचा पडदा हा कराराचा भाग नाही. त्यामुळे वाद विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांसमोर गेला तर मूळ कागदाचे पारडे जड राहील, असे माझे मत आहे. पण कॅशलेसचा अर्ज पाहणारा माणूस तुमची पीडीएफ उघडत नाही, त्याच्यासमोर जी नोंद आहे तीच पाहतो. हक्क तुमच्या बाजूचा असला तरी पैसे आधी तुमच्या खिशातून जातात आणि ते परत मिळवण्यात महिने निघून जातात. म्हणूनच रुग्णालयात दाखल होण्याआधी दुरुस्ती करून घ्यायची.

दुरुस्तीचे पत्र आणि त्याचे उत्तर

कॉल सेंटरवर सांगून तक्रार क्रमांक मिळतो, पण कॉलवर बोललेली तारीख कोणी कशी लिहिली हे आपल्याला दिसत नाही. आम्ही कंपनीच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर ईमेल केली आणि विषयाच्या ओळीत पॉलिसी क्रमांक व ‘सदस्याच्या प्रथम विमा तारखेची दुरुस्ती’ एवढेच लिहिले. मजकूर साधारण असा होता:

“वरील पॉलिसीत सदस्य क्रमांक २ यांच्या सलग विम्याची सुरुवात १२ जून २०१९ अशी असून आपण दिनांक १२ जून २०२४ च्या पॉलिसी शेड्यूलमध्ये ती तशीच नोंदवली आहे. आपल्या पोर्टलवर आणि चालू वर्षाच्या शेड्यूलमध्ये ती १२ जून २०२४ अशी दिसते. ही तारीख चालू पॉलिसीच्या सुरुवातीपासून, म्हणजे १२ जून २०२५ पासून, लागू होईल अशी दुरुस्त करून एंडोर्समेंट द्यावी आणि टीपीएकडील नोंदही बदलावी. सोबत २०२४ चे मूळ शेड्यूल, आधीच्या कंपनीची पाच वर्षांची शेड्यूल आणि पोर्टलच्या पडद्याचे चित्र जोडले आहे.”

पडद्याचे चित्र घेताना पॉलिसी क्रमांक, सदस्याचे नाव, ती तारीख आणि संगणकाच्या कोपऱ्यातली त्या दिवसाची तारीख एकाच चित्रात यावी. कापून घेतलेल्या चित्राला कोणी किंमत देत नाही.

पहिले उत्तर दोन दिवसांत आले, आणि त्यात आपली विनंती नोंदवली आहे एवढेच होते. ही दुरुस्ती नव्हे. पुढच्या आठवड्यात एंडोर्समेंट आली आणि पत्नीपुढे २०१९ असे बरोबर छापलेले होते, तेव्हा घरातल्यांना हायसे वाटले. पण खालच्या ओळीत ती लागू होण्याची तारीख म्हणून ती तयार केली त्या दिवसाची तारीख होती. कंपनीच्या दृष्टीने हा किरकोळ तपशील असेल. क्लेम तपासणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ, निदान झाल्यानंतर नोंद बदलून घेतली, असा निघू शकतो. आम्ही ती परत पाठवली आणि १२ जून २०२५ पासून लागू असलेली सुधारित एंडोर्समेंट मागितली. ती आणखी चार दिवसांनी मिळाली. एंडोर्समेंट हाती आल्यावर तिचा क्रमांक, सदस्याचे नाव, दुरुस्त तारीख आणि लागू होण्याची तारीख या चारही गोष्टी वाचल्याशिवाय फाइल बंद करू नये.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. पोर्ट करताना प्रतीक्षा कालावधीची सूट मिळते ती जुन्या विमा रकमेपुरती आणि तिच्यावर साठलेल्या बोनसपुरती. आमच्या प्रकरणात २०१९ ची तारीख लागू होती ती पहिल्या पाच लाखांना. वाढवलेल्या पाच लाखांसाठी प्रतीक्षा जून २०२४ पासूनच मोजली जाणार होती आणि ६० महिनेही त्याच तारखेपासून. खर्चाचा अंदाज एक लाख चाळीस हजारांचा असल्याने याचा फटका बसला नाही. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी, पूर्ण दहा लाख मिळतील असे धरून चालणाऱ्यांनी हा भाग आधी तपासावा. काही पोर्टलवर विमा रकमेचे असे दोन थर वेगळे दाखवतात, काहींवर दाखवतच नाहीत. तेव्हा ते ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे.

टीपीएची नोंद शेवटी बदलते

पोर्टल दुरुस्त झाले तरी काम संपत नाही. एंडोर्समेंटनंतर तीन दिवसांनी आमच्या ग्राहकाने रुग्णालयाच्या कॅशलेस डेस्कवर हेल्थ कार्ड दाखवून नोंद पाहायला सांगितली. डेस्कवरची मुलगी म्हणाली, “काका, आमच्याकडे अजून चोवीसचंच दिसतंय.” कंपनीकडून टीपीएकडे जाणारी फाइल अजून गेलेली नव्हती. टीपीएला एंडोर्समेंटची प्रत थेट ईमेल केल्यावर दुसऱ्या दिवशी नोंद बदलली. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत दाखल होण्याच्या आठ-दहा दिवस आधी डेस्कवर जाऊन एवढे पाहून यावे. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि रुग्णाला सोबत नेण्याचीही गरज नसते. कंपनी स्वतःच क्लेम हाताळत असेल, म्हणजे मध्ये टीपीए नसेल, तर हा टप्पा गळतो.

बँकेमार्फत घेतलेल्या गट विम्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथे तुमच्या हातात असतो तो विमा प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि मुख्य पॉलिसीचा क्रमांक बँकेच्या नावावर असतो. कंपनीच्या पोर्टलवर मुख्य क्रमांक टाकला तर काहीच सापडत नाही आणि पॉलिसी खोटी असल्याची शंका येते. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक वापरून पाहावे. तरीही नोंद मिळाली नाही, तर मग कंपनीच्या शाखेत कागद घेऊन जावे.

रुग्ण आधीच दाखल झाला असेल तर

तातडीच्या वेळी ईमेल आणि एंडोर्समेंटची वाट पाहता येत नाही. मूळ शेड्यूल आणि जुन्या कंपनीची साखळी कॅशलेसच्या पहिल्याच अर्जासोबत जोडायला डेस्कला सांगावे. शंका आल्यानंतर पाठवण्यापेक्षा आधी पाठवलेले बरे. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. मात्र कागद अपुरे म्हणून शंका निघाली की प्रत्यक्षात वेळ वाढतो, आणि तारखेची शंका ही बहुतेक याच प्रकारची असते. कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम नाकारला असे नव्हे. बिल भरून, सगळी मूळ कागदपत्रे घेऊन परताव्याचा क्लेम करता येतो आणि त्या वेळी तारखेची दुरुस्ती शांतपणे मांडता येते. नकाराचे पत्र लेखी घ्यायला विसरू नये, कारण त्यातले कारण पुढे उपयोगी पडते.

हप्ता भरण्याआधी

नूतनीकरणाचा हप्ता भरला की चुकीची तारीख पुढच्या वर्षाच्या शेड्यूलमध्ये जशीच्या तशी उतरते, आणि दोन वर्षे कोणी काही बोलले नाही म्हणजे तीच खरी, असा तिला मान मिळू लागतो. म्हणून नूतनीकरणाच्या महिनाभर आधी ही जुळवणी करावी आणि दुरुस्तीचा अर्ज तेव्हाच टाकावा. दुरुस्तीच्या वादात मुदत मात्र ओलांडू देऊ नये. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत मिळते आणि तिच्यात सलगता टिकते, पण वार्षिक हप्ता थकलेल्या त्या मधल्या दिवसांत आजारपण आले तर त्याचा क्लेम मिळत नाही. हप्ता भरून टाकावा आणि भरल्याच्या दिवशीच, दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित असल्याचे ईमेलने कळवावे.

रकमेची जुळवणीही येथेच करायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. आधी छापलेल्या सूचनेत किंवा जुन्या मेसेजमध्ये १८ टक्के कर धरलेली रक्कम असेल आणि पोर्टलवर कमी रक्कम दिसत असेल, तर तो फरक चुकीचा नाही. पोर्टलवरची रक्कम आणि करविरहित मूळ हप्ता ताडून पाहावा. मेसेजमधल्या लिंकवरून पैसे भरू नयेत. कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून, लॉगिन करून, तेथे दिसणाऱ्या पॉलिसी क्रमांकापुढेच भरावे. पैसे खात्यातून गेले आणि पोर्टल मात्र `Pending` दाखवत असेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. बँकेचा व्यवहार क्रमांक घेऊन कंपनीला लिहावे आणि पावतीवरची तारीख नीट पाहावी, कारण विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरू होत नाही.

कंपनी ऐकतच नसेल तर

ग्राहक सेवेने दोनदा तेच गोल गोल उत्तर दिले की कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. त्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. त्यानेही भागले नाही तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा या पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार नाकारली, किंवा महिनाभरात उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतच्या भरपाईचे प्रकरण ते पाहू शकतात. नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते.

आमच्या ग्राहकाला या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पत्नीची शस्त्रक्रिया झाली आणि कॅशलेस मंजूर झाले. डिस्चार्जच्या वेळी हातमोजे आणि इतर किरकोळ वस्तूंचे काही हजार वजा झाले, ते अटींप्रमाणेच होते. मुलाच्या नावापुढेही पोर्टलवर २०२४ च होते, हे आम्हाला त्यानंतर दिसले. पत्नीच्या तारखेच्या घाईत त्याची ओळ आम्हीही वाचली नव्हती. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज डिसेंबरमध्ये टाकला.